सहा गट आणि चौसष्ट शक्यता

मारियान बर्ट्रांड, एस्तेर ड्युफ्लो आणि सेंधिल मुल्लैनाथन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कधी झालेच नाहीत असे कायदे केले, अर्थातच कागदावर. १९७९ ते १९९९ या काळातल्या स्त्रियांच्या वेतनाची खरी आकडेवारी त्यांनी घेतली. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही राज्ये आणि एखादे वर्ष निवडले, आणि ‘या राज्यांत या वर्षी नवा कायदा आला’ असे मानून वेतनावर त्याचा परिणाम मोजला. कायदाच नसल्याने परिणामही नसणार, हे उघड आहे. पाच टक्क्यांची कसोटी लावली तर शंभरातल्या पाच वेळा निव्वळ योगायोगाने ‘परिणाम आढळला’ असे उत्तर येणे ठीक. प्रत्यक्षात रूढ पद्धतीने हिशेब केल्यावर ही टक्केवारी ४५ पर्यंत गेली. २००४ साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि धोरणांचे परिणाम मोजणाऱ्या अनेकांना आपले जुने निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले.

चूक मोजणीत होती. एका राज्यातल्या हजारो स्त्रियांची वेतने एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. राज्यात मंदी आली की सगळ्यांनाच झळ बसते, आणि यंदाची परिस्थिती पुढच्या वर्षीही बरीचशी तशीच राहते. शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण एकाच पातेल्यातली हजार शिते दाबून पाहिली तरी परीक्षा होते ती त्या एकाच पातेल्याची. रूढ पद्धत मात्र प्रत्येक शीत म्हणजे एक नवे पातेले समजत होती. त्यामुळे माहिती आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त वाटे आणि उत्तरातली अनिश्चितता कितीतरी कमी दिसे.

यावरचा उपाय १९८६ पासून उपलब्ध होता. लियांग आणि झेगर या संख्याशास्त्रज्ञांनी त्या वर्षी दाखवले, की अनिश्चितता व्यक्तींच्या नव्हे तर गटांच्या पातळीवर मोजता येते. गट म्हणजे राज्य, गाव, शाळा, रुग्णालय, जिथे आतली माणसे एकमेकांशी बांधलेली असतात असे काहीही. इंग्रजीतून आलेला क्लस्टर हा शब्दच या क्षेत्रात रुळला आहे. या पद्धतीला एकच अट आहे, ती म्हणजे गट भरपूर हवेत. अमेरिकेची पन्नास राज्ये हाताशी असली की काम भागते. बर्ट्रांड आणि सहकाऱ्यांनी राज्यांची संख्या कमी केली तसे खोट्या परिणामांचे प्रमाण पुन्हा वाढू लागले. प्रत्यक्षातल्या अभ्यासांत तर गट सहा, आठ, फार तर बारा असतात, कारण तेवढ्याच ठिकाणी जायला पैसे आणि माणसे असतात.

कमी गटांनी नेमके काय बिघडते, हे एका काल्पनिक पण पूर्ण सोडवलेल्या उदाहरणातून पाहू. सहा तालुक्यांत नवी सराव-वही देऊन पाहायची आहे. प्रत्येक तालुक्यातली शंभर मुले घेतली. चिठ्ठ्या टाकून पन्नास जणांना वही दिली, पन्नास जणांना दिली नाही. प्रश्न या सहाच तालुक्यांपुरता नाही. अशा तालुक्यांत एकंदरीत ही वही उपयोगी पडते का, हे ठरवायचे आहे. परीक्षेनंतर वही मिळालेल्यांचे सरासरी गुण आणि न मिळालेल्यांचे सरासरी गुण यांतला फरक तालुकावार असा आला: ९, ६, ५, ४, २ आणि उणे २. पाच तालुक्यांत फायदा, एकात तोटा. सरासरी फायदा चार गुणांचा.

आता हे चार गुण वहीचे की नशिबाचे? गटांच्या पातळीवर हिशेब केला की या सरासरीची प्रमाण त्रुटी १.५३ येते. चारला १.५३ ने भागले की २.६२. गट भरपूर असताना वापरतात तो तक्ता उघडला तर वहीचा काहीच परिणाम नसताना एवढे मोठे गुणोत्तर येण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी निघते. म्हणजे वही पास, तीही विशेष श्रेणीत. पण ही १.५३ ची त्रुटी स्वतःच अवघ्या सहा आकड्यांवरून काढली आहे, त्यामुळे तिच्यावर किती भिस्त ठेवायची हा प्रश्न उरतो. लहान नमुन्यांसाठीचा तक्ता वापरला तर शक्यता पावणेपाच टक्क्यांच्या आसपास जाते. वही अजून पास आहे, पण काठावर.

वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप इथे तयार तक्त्याकडे जातच नाही. तो हातातल्या आकडेवारीतूनच तक्ता तयार करतो. पहिली पायरी अशी, की वहीचा परिणाम शून्य आहे असे गृहीत धरायचे. तसे असेल तर तालुक्या-तालुक्यात दिसलेला फरक हा वहीचा नसून त्या तालुक्याच्या योगायोगाचा भाग ठरतो. मग ९ गुणांचा फरक अधिकऐवजी उणेही पडू शकला असता. म्हणून प्रत्येक तालुक्यासाठी एक नाणे उडवायचे. छापा आला तर त्या तालुक्याचा योगायोग जसाच्या तसा ठेवायचा, काटा आला तर त्यातल्या सगळ्याच्या सगळ्या शंभर मुलांच्या बाबतीत त्याचे चिन्ह उलटे करायचे. नाणे मुलागणिक नाही, तालुक्यागणिक एकच उडते, आणि पद्धतीचे मर्म याच गोष्टीत आहे. तालुक्यातली मुले एकमेकांशी जशी बांधलेली आहेत तशीच राहतात, ती बांधणी कशी आहे हे कुणाला माहीत असण्याची गरजही पडत नाही.

प्रत्येक फेरीनंतर नव्या आकड्यांवर तोच हिशेब पुन्हा करून नवे गुणोत्तर काढायचे. एरवी संगणक अशा ९९९ किंवा ९,९९९ फेऱ्या करतो. सहा तालुक्यांसाठी मात्र छापा-काट्याच्या सगळ्या मिळून चौसष्टच रचना होतात, त्या कागदावर मांडता येतात. या उदाहरणात बेरीज जितकी मोठी तितके गुणोत्तर मोठे, म्हणून बेरीज पाहिली तरी पुरते. खरी बेरीज २४ आहे. चिन्हे बाजूला ठेवली तर सहा आकड्यांची बेरीज २८. चोवीस किंवा त्याहून जास्त बेरीज यायची तर उणे चिन्ह एकाही आकड्याला नको, किंवा दोनापैकी एकाच ‘२’ला हवे. अशा रचना तीन. त्यांच्या नेमक्या उलट, म्हणजे उणे बाजूला तितक्याच दूर जाणाऱ्या, आणखी तीन. चौसष्टात सहा म्हणजे ९.४ टक्के.

त्याच सहा आकड्यांवर एका तक्त्याने एक टक्क्याहून कमी शक्यता सांगितली, दुसऱ्याने पावणेपाच टक्के आणि नाण्याने नऊ टक्क्यांहून जास्त. पाच टक्क्यांची कसोटी लावली तर वही पास झालेली नाही.

योगायोगाची चिन्हे उलटवण्याची ही कल्पना एका दिवसात सुचलेली नाही. गट नसलेल्या आकडेवारीसाठी वू यांनी १९८६ मध्ये ती मांडली, पुढे लिऊ आणि मामेन यांनी ती पक्की केली. गटांसाठी ती वापरात आणली कॉलिन कॅमेरॉन, जोना गेलबाख आणि डग्लस मिलर यांनी २००८ साली. पाच ते तीस गट असताना रूढ कसोट्या किती घसरतात हे त्यांनी दाखवले, आणि परिणाम शून्य मानूनच चिन्हे उलटवायची, यावर भर दिला. आज स्टाटा या प्रणालीत `boottest` ही आज्ञा हे काम काही सेकंदांत करते.

या पद्धतीच्या मर्यादा मात्र ठोस आहेत, आणि पहिली तर साध्या मोजणीतच दिसते. तालुके पाचच असते तर रचना बत्तीस झाल्या असत्या. पाचही तालुक्यांत घसघशीत फायदा दिसला असता तरी खरी रचना आणि तिची उलट अशा दोन धरून बत्तीसात दोन, म्हणजे सव्वासहा टक्के. पाच टक्क्यांच्या खाली उतरायला वावच नाही. मॅथ्यू वेब यांनी यावर तोड काढली. छापा-काट्याऐवजी सहा वेगवेगळी वजने वापरायची, म्हणजे पाच गटांसाठीही ७,७७६ रचना मिळतात. त्यामुळे उत्तर बारकाईने मोजता येते, पण पाच गटांत असलेली माहिती त्याने वाढत नाही.

दुसरी मर्यादा जास्त घातक, कारण ती सहज नजरेत येत नाही. गट एकूण वीस आहेत, पण योजना त्यातल्या एकाच गटात राबवली, अशी स्थिती वारंवार येते. जेम्स मॅकिनन आणि वेब यांनी दाखवले, की अशा वेळी परिणाम शून्य मानून केलेली कसोटी जवळजवळ कधीच ‘परिणाम आहे’ म्हणत नाही. शून्य मानल्यामुळे योजनेचा सारा परिणाम त्या एका गटाच्या योगायोगात जमा होतो, आणि चिन्ह उलटवले की प्रत्येक फेरीत तितकेच मोठे गुणोत्तर उगवते. शून्य न मानता चिन्हे उलटवली तर नेमके विरुद्ध घडते. त्या गटाचा योगायोग आधीच शून्यावर आणलेला असतो, उलटवायला काही उरतच नाही, आणि कसोटी ऊठसूट ‘परिणाम आहे’ म्हणू लागते. रोग ओळखायची खूण यातूनच मिळते. दोन्ही प्रकारे हिशेब करून पाहायचा. उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक पडला, तर दोन्हींवर विश्वास टाकता येत नाही.

गट आकाराने आणि स्वभावाने फारच विषम असले तरीही पद्धत लंगडते. कानाय, सांतोस आणि शेख यांनी २०२१ मध्ये दाखवले, की थोड्याच पण मोठ्या गटांवर ती चालते, मात्र गट पुरेसे एकसारखे असावे लागतात.

काही ठिकाणी तर बूटस्ट्रॅपही हात टेकतो. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांचा १९९४ चा गाजलेला अभ्यास पाहा. १ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सीने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले, शेजारच्या पेन्सिल्व्हेनियाने केले नाही. दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट-फूड दुकानांत आधी आणि नंतर किती माणसे कामाला होती ते दोघांनी विचारले, आणि वेतनवाढीने रोजगार घटल्याचे दिसले नाही. दुकाने ४१० असली तरी कायदा राज्याचा होता आणि राज्ये दोनच. राज्याला गट मानले तर नाणी दोन, रचना चार, आणि टक्केवारी पन्नासच्या खाली येऊच शकत नाही. यामुळे निष्कर्ष चुकीचा ठरत नाही. मात्र त्या काळात एका राज्यात घडलेली दुसरी एखादी गोष्ट वेतनवाढीपासून वेगळी काढायला ही दोन राज्ये पुरत नाहीत. पुढच्या संशोधकांनी म्हणूनच राज्यांच्या सीमेवरचे अनेक जिल्हे जोडीजोडीने घेऊन तोच प्रश्न नव्याने तपासला.

एखाद्या योजनेने इतके टक्के फरक पडला, अशी बातमी वाचताना किती हजार लोकांची पाहणी झाली हा आकडा ठळक छापलेला असतो. वाचकाने त्याच्या पलीकडे तीन गोष्टी शोधाव्यात: गट किती होते, त्यांपैकी किती गटांत योजना राबवली, आणि गट दहा-बाराच्या आत असतील तर अनिश्चितता कोणत्या पद्धतीने काढली. अहवालात ही माहिती नसेल तर त्यातली टक्केवारी पक्की धरू नये.