दुकानाचे अ‍ॅप स्टोअरवर चढवताना

छोट्या व्यवसायाचे अ‍ॅप ग्राहकांच्या फोनपर्यंत नेण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत: अँड्रॉइड फोनसाठी गूगलचे प्ले स्टोअर आणि आयफोनसाठी अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर. क्रम दोन्हीकडे सारखाच. आधी डेव्हलपर खाते उघडायचे, ओळख पटवायची, अ‍ॅपची फाइल आणि माहिती भरायची, मग तपासणीसाठी पाठवायचे. अडचणी मात्र सारख्या नाहीत. त्या कुठे येतात हे एका नेहमीच्या उदाहरणावरून नीट कळते. समजा, कोल्हापुरात मसाले, चटण्या आणि लोणची विकणारे एक दुकान आहे. ते एकाच मालकाच्या नावावर आहे आणि घरपोच माल फक्त शहरात देते. अ‍ॅप साधे आहे. मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून आत जायचे, माल निवडायचा, पत्ता द्यायचा आणि यूपीआयने किंवा रोखीने पैसे चुकते करायचे.

पहिला प्रश्न खाते कोणाच्या नावावर काढायचे हा. गूगल नोंदणीसाठी एकदाच 25 डॉलर घेते, म्हणजे साधारण दोन-सव्वादोन हजार रुपये. अ‍ॅपलचे सदस्यत्व वर्षाला 99 डॉलरचे आहे आणि ते दर वर्षी भरावे लागते. गूगलचे खाते व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या नावाने काढता येते. संस्थेसाठी डी-यू-एन-एस क्रमांक लागतो. डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही कंपनी व्यवसायांना हा नऊ आकडी ओळख क्रमांक देते. तो फुकट मिळतो, पण हाती यायला काही आठवडे जाऊ शकतात. त्या नोंदीतले नाव-पत्ता आणि गूगलकडे भरलेले नाव-पत्ता यांत फरक असेल, तर पडताळणी अडकते. जीएसटीच्या कागदावर दुकानाचे नाव एका तऱ्हेने आणि पाटीवर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असणे आपल्याकडे काही नवीन नाही, म्हणून हे आधीच जुळवून घेतलेले बरे. अ‍ॅपलकडे एकट्या मालकाच्या व्यवसायाची नोंदणी व्यक्ती म्हणूनच होते. त्यामुळे अ‍ॅप स्टोअरवर विक्रेता म्हणून दुकानाऐवजी मालकाचे कायदेशीर नाव दिसते. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डी-यू-एन-एस क्रमांक घेऊन संस्थेच्या नावाने नोंदणी करता येते.

अ‍ॅप बनवून देणारा बरेचदा म्हणतो, “माझ्याच खात्यावरून टाकतो, तुमचे पैसे वाचतील.” ही सोय पुढे महागात पडते. खाते ज्याचे, अ‍ॅपवर ताबा त्याचा. त्याच खात्यावरच्या दुसऱ्या कुणाच्या अ‍ॅपने नियम मोडले आणि खाते बंद झाले, तर दुकानाचे अ‍ॅपही जाते. शिवाय एकाच साच्यातून बनवलेल्या अ‍ॅपबाबत अ‍ॅपलचा नियमच आहे की ज्याचा माल आणि मजकूर आहे त्याने ते स्वतःच्या खात्यावरून पाठवावे. बनवणाऱ्याला दुकानाच्या खात्यात मर्यादित अधिकार देऊन आत घेण्याची सोय दोन्हीकडे आहे, आणि योग्य रीत तीच.

गूगलकडे व्यक्तीचे खाते काढणाऱ्याला आणखी एक टप्पा पार करावा लागतो. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या अशा खात्यांना अ‍ॅप थेट सर्वांसाठी खुले करता येत नाही. आधी बंद चाचणी घ्यावी लागते. तीत किमान 12 जणांनी सलग 14 दिवस सहभागी राहिले पाहिजे. सुरुवातीला ही संख्या 20 होती, नंतर ती कमी केली. प्रत्येक टेस्टरने गूगल खात्यातून दुवा उघडून सहभाग मान्य करावा लागतो. घरच्यांचे आणि ओळखीच्यांचे ईमेल यादीत टाकले म्हणजे काम झाले असे नाही. बाराच जण घेतले आणि सातव्या दिवशी त्यातला एक बाहेर पडला, तर सलगता तुटते. म्हणून पंधरा-वीस जण घेणे शहाणपणाचे. चौदा दिवस झाल्यावर अर्ज करताना टेस्टर कसे मिळवले, त्यांनी काय सांगितले, त्यावरून काय बदलले, असे प्रश्न येतात. ज्यांनी अ‍ॅप एकदाही उघडले नाही अशा टेस्टरांच्या जोरावर ही उत्तरे देता येत नाहीत, आणि अर्ज परत येऊन पुन्हा चाचणी घ्यायला सांगितले जाते. कोल्हापूरच्या दुकानाने नेहमीचे पंधरा गिऱ्हाईक घेतले आणि त्यांना खरोखरच्या ऑर्डरी द्यायला लावल्या, तर उत्तरे आपोआप तयार होतात. संस्थेच्या खात्याला ही अट नाही. डी-यू-एन-एस क्रमांकासाठी थांबणे त्यामुळेच पुष्कळदा परवडते.

अ‍ॅपलकडे अशी सक्तीची चाचणी नाही. टेस्टफ्लाइट नावाची चाचणीची सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे. तिथली अडचण वेगळी. आयफोनचे अ‍ॅप एक्सकोड या सॉफ्टवेअरने तयार होते आणि ते मॅकवरच चालते. मॅक नसेल तर भाड्याने मिळणारी ऑनलाइन सेवा घ्यावी लागते.

फाइल चढवण्यात फार वेळ जात नाही, वेळ जातो तो सोबतच्या माहितीत. नाव दोन्हीकडे 30 अक्षरांच्या आत हवे. प्ले स्टोअरवर नावात ‘नंबर वन’, ‘फ्री’, ‘सेल’ असली जाहिरात चालत नाही. गोपनीयता धोरणाचे पान इंटरनेटवर सर्वांना उघडता आले पाहिजे. गूगलला त्यासाठी पीडीएफ चालत नाही. त्याशिवाय अ‍ॅप कोणती माहिती गोळा करते याचे विवरण द्यावे लागते, आणि चूक नेमकी इथे होते. दुकानदार प्रामाणिकपणे लिहितो की आम्ही काहीच गोळा करत नाही. पण ग्राहकाचे नाव, फोन नंबर आणि पत्ता ही गोळा केलेली माहितीच असते. वापराची आकडेवारी ठेवणारा किंवा अ‍ॅप बंद पडल्याची नोंद घेणारा तयार कोड आत जोडलेला असतो, तोही फोनची काही माहिती पाठवत असतो. विवरण आणि अ‍ॅपचे प्रत्यक्ष वागणे जुळले नाही की अ‍ॅप अडकते. त्यामुळे हा अर्ज दुकानदाराने आणि अ‍ॅप बनवणाऱ्याने एकत्र बसून भरावा.

मग येते तपासणी. अ‍ॅपल सांगते की बहुतेक अ‍ॅप 24 तासांत तपासून होतात. गूगल सात दिवसांपर्यंत किंवा काही वेळा त्याहूनही जास्त वेळ घेते. अ‍ॅपलकडे माणूस अ‍ॅप उघडून पाहतो. गूगलकडे यंत्र आणि माणूस दोन्ही असतात. आपल्याकडची कितीतरी साधी अ‍ॅप इथेच परत येतात, कारण तपासणारा बहुधा भारताबाहेर असतो. त्याच्याकडे भारतीय सिम नाही, म्हणून ओटीपी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पहिल्या पानापुढे त्याला जाताच येत नाही आणि अ‍ॅप ‘अपूर्ण’ ठरून परत येते. अ‍ॅपलच्या नियमांत हे 2.1 क्रमांकाखाली बसते आणि नाकारण्याचे सर्वांत जास्त प्रसंग याच क्रमांकाखाली घडतात. उपाय सोपा आहे. एक चाचणीचा नंबर ठरवायचा आणि त्याला ठरलेला ओटीपी कायमचा जोडायचा. ओटीपीसाठी फायरबेस वापरले असेल तर ही सोय त्यात तयार असते. मग तो नंबर आणि ओटीपी गूगलकडे ‘App access’ या भागात आणि अ‍ॅपलकडे ‘App Review Information’ या भागात लिहायचा. अ‍ॅपच्या पुढच्या आवृत्तीतही तो चालू राहिला पाहिजे. बनवणारा तो मध्येच काढून टाकतो आणि दुसऱ्या वेळी तेच कारण पुन्हा येते.

ओटीपीचा अडथळा गेला तरी पुढचा उभा असतोच. दुकान फक्त कोल्हापुरात माल देते, तपासणाऱ्याचा फोन दुसऱ्या देशात आहे, आणि अ‍ॅप सांगते, ‘तुमच्या भागात सेवा नाही’. किंवा तो अ‍ॅप उघडतो तेव्हा इथे रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि पडद्यावर ‘दुकान बंद आहे’ एवढेच दिसते. दोन्ही बाबतींत त्याला रिकामे अ‍ॅप मिळते. म्हणून चाचणीच्या खात्याला शहरातला एक पत्ता आधीच भरून ठेवावा, त्या खात्यापुरती ठिकाणाची आणि वेळेची अट काढावी, आणि सोबतच्या टिपणात सेवा कुठे चालते व ऑर्डर कशी पूर्ण होते हे चार ओळींत लिहावे. यूपीआयचा व्यवहार त्याला करता येणार नाही, म्हणून रोखीचा पर्याय चालू ठेवावा. पूर्ण खरेदीचा छोटा व्हिडिओ जोडला तर आणखी चांगले.

दुसरे मोठे कारण म्हणजे अ‍ॅपच्या नावाखाली नुसती वेबसाइट गुंडाळून पाठवणे. अ‍ॅपलचा 4.2 हा नियम विचारतो की ब्राउझरमध्ये जे होते त्याहून वेगळे इथे काय आहे. ऑर्डर निघाल्याची सूचना, मागच्या ऑर्डरी, एका स्पर्शात पुन्हा मागणी, अशा गोष्टी असतील तर उत्तर देता येते. काहीच नसेल तर खरे सांगायचे म्हणजे त्या दुकानाला अ‍ॅपची गरजच नाही, चांगली वेबसाइट पुरे.

खाजगी माहितीच्या बाबतीत दोन गोष्टी नेहमी अडतात. खाते उघडता येत असेल तर ते बंद करण्याची सोय अ‍ॅपमध्येच हवी. अ‍ॅपलने हे जून 2022 अखेरीपासून सक्तीचे केले. गूगलला त्याच्या जोडीला वेबवरचा दुवाही लागतो. ‘आम्हाला फोन करा’ ही ओळ यासाठी पुरत नाही. दुसरी गोष्ट परवानग्यांची. ओटीपी आपोआप भरला जावा म्हणून एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली की गूगल अ‍ॅप नाकारते, कारण ही परवानगी फार मोजक्या प्रकारच्या अ‍ॅपना मिळते. तेच काम परवानगीशिवाय करणारी गूगलची पद्धत उपलब्ध आहे. आयफोनवर ठिकाण विचारताना ‘अ‍ॅपला लोकेशन हवे आहे’ एवढेच लिहिले तर ते परत येते. ‘घरपोच डिलिव्हरीचा पत्ता भरण्यासाठी’ असे कारण स्पष्ट लिहावे लागते.

पैशांबाबत उगाच भीती असते. चटणी-लोणच्यासारखा खरा माल विकताना स्टोअरला कमिशन द्यावे लागत नाही. यूपीआय किंवा कार्डनेच पैसे घ्यायचे असतात. पण त्याच दुकानाने अ‍ॅपमध्ये पाककृतींच्या व्हिडिओंचे वर्ग विकायला काढले तर ती डिजिटल वस्तू होते आणि स्टोअरचे वेगळे नियम लागू होतात. अ‍ॅपलच्या छोट्या व्यावसायिकांसाठीच्या योजनेत तिथे 15 टक्के कमिशन आहे.

अ‍ॅप नाकारले गेले म्हणजे खात्यावर डाग पडला असे नाही. अ‍ॅपल नियमाचा क्रमांक आणि बहुधा पडद्याचे चित्र पाठवते, आणि त्याच जागी उत्तर लिहून विचारता येते. गैरसमज असेल तर नुसत्या स्पष्टीकरणाने काम होते, नवी फाइल लागत नाही. गूगल ईमेल पाठवते. फाइल बदलायची असेल तर आवृत्तीचा क्रमांक वाढवून नवी चढवावी लागते. काहीही न बदलता तेच पुन्हा पुन्हा पाठवणे मात्र अंगाशी येऊ शकते. गूगलकडे अ‍ॅप ‘निलंबित’ झाले तर ते खात्याविरुद्ध मोजले जाते.

मंजुरीनंतरही खर्च आणि काम संपत नाही. अ‍ॅपलचे 99 डॉलर भरायचे राहिले तर अ‍ॅप स्टोअरवरून दिसेनासे होते. ज्यांच्या फोनमध्ये ते आहे त्यांचे चालू राहते, पण नवे ग्राहक येत नाहीत. गूगल दर वर्षी अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्तीनुसार अ‍ॅप अद्ययावत करायला लावते. ऑगस्ट 2025 अखेरपासून नव्या अ‍ॅपना आणि अपडेटना अँड्रॉइड 15 लक्ष्य ठेवणे बंधनकारक झाले. हे काम वर्षातून एकदा येणारच असल्याने, अ‍ॅप बनवणाऱ्याशी पहिला करार करतानाच त्याची रक्कम लिहून घ्यावी.