चिमणीच्या पायाशी वारा काय करतो?

विटांची एक उंच चिमणी घेऊ: उंची 40 मीटर, बाहेरचा व्यास 4 मीटर. वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला 100 किलो धरला, तर 160 चौरस मीटरच्या दर्शनी भागावर 16 टनांचा जोर येतो. चिमणीची जाडी वरखाली सारखी असेल, तर हा जोर अर्ध्या उंचीवर एकवटला आहे असे मानता येते. पाया 2 मीटर खोल आहे, म्हणून भुजा 22 मीटर आणि पायाच्या तळाशी मोमेंट 352 टन-मीटर.

चिमणी, पाया आणि वरची माती मिळून वजन 900 टन, पायाचा व्यास 10 मीटर. नुसत्या वजनाने जमिनीवर दर चौरस मीटरला 11.5 टन दाब पडतो. मोमेंटमुळे वाऱ्याच्या आडोशाकडील कडेला त्यात 3.6 टनांची भर पडते आणि वाऱ्याकडील कडेला तेवढीच घट होते. म्हणजे एकीकडे 15.1, दुसरीकडे 7.9 टन.

आता तिथेच हलकी पोलादी चिमणी उभारा. एकूण वजन 300 टन झाले, तर सरासरी दाब 3.8 टन, वाऱ्याकडील कडेला जेमतेम 0.2 टन उरतो. वारा आणखी वाढला, की तिथे ताण यायला हवा, पण माती ताण घेत नाही. पाया त्या बाजूला उचलला जातो, टेकलेला भाग आक्रसतो आणि समोरच्या कडेचा दाब साध्या सूत्रापेक्षा जास्त चढतो. म्हणूनच हलक्या चिमणीला पाया रुंद लागतो.