परदेशी शिक्षणासाठी कर्ज : अर्जातील तीन रकाने

परदेशातील उच्च शिक्षणासाठी बँकेकडे करावयाच्या अर्जात शुल्क, सहअर्जदाराचे उत्पन्न आणि तारण असे तीन रकाने महत्त्वाचे असतात. ते स्वतंत्रपणे भरले जातात. परंतु बँक ते एकत्र वाचते.

भारतीय बँक संघाने २००१ मध्ये आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली. तिच्या चौकटीत चार लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांच्या वर मात्र मूर्त तारण अपेक्षित असते. परदेशी शिक्षणाचा खर्च ही मर्यादा बहुधा ओलांडतोच. त्यामुळे मोठ्या कर्जांसाठी बँकांच्या स्वतःच्या योजना लागू होतात आणि त्यांचे निकष बँकेगणिक बदलतात.

बेंगळुरूत स्थायिक झालेल्या, मूळ बेळगावच्या एका काल्पनिक कुटुंबाचे उदाहरण घेऊ. मुलीला दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला आहे. शिक्षण शुल्क २६ लाख, राहण्याचा खर्च १२ लाख, प्रवास, विमा इत्यादी २ लाख, असा एकूण खर्च ४० लाख रुपये. परदेशी शिक्षणासाठी आदर्श योजनेत १५ टक्के वाटा विद्यार्थ्याने उचलावयाचा असतो. शिष्यवृत्ती मिळाल्यास ती या वाट्यात धरता येते. येथे तो वाटा ६ लाख, म्हणून कर्ज ३४ लाख. शुल्काच्या रकान्यात अनेकजण केवळ पहिल्या वर्षाचा आकडा लिहितात. विद्यापीठाचे पत्र बहुधा वर्षाचा खर्च दाखवते, तर कर्ज संपूर्ण अभ्यासक्रमाचे मंजूर व्हावयाचे असते. पुढे रक्कम वाढवून घ्यायची, तर छाननी नव्याने करावी लागू शकते.

आता उत्पन्न. वडिलांचे निव्वळ वेतन दरमहा १,१०,००० रुपये असून गृहकर्जाचा हप्ता १८,००० आहे. व्याजदर १० टक्के आणि परतफेड १५ वर्षांची धरू. शिक्षणाची दोन वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळ व्याज साठत राहते. कर्ज वर्षारंभी १७-१७ लाखांच्या दोन भागांत उचलले, तर तीन वर्षांत सुमारे साडेआठ लाख व्याज होते. ते मुद्दलात मिळवल्यास हप्ता सुमारे ४५,७०० रुपयांवर जातो. गृहकर्जासह हा भार वेतनाच्या ५८ टक्के होतो. तेच व्याज त्या काळात भरत गेल्यास हप्ता सुमारे ३६,५०० राहतो आणि भार निम्म्याच्या किंचित खाली येतो. अर्थात त्यासाठी पहिल्या वर्षी दरमहा सुमारे १४,२०० आणि पुढे सुमारे २८,३०० रुपये बाजूला काढावे लागतील. मुलीला नोकरी मिळण्यास विलंब झाला तर हप्ता कोण भरणार, हे बँक या रकान्यातून पाहते. म्हणूनच गृहकर्ज लपवण्यात अर्थ नाही. पतमाहिती अहवालात ते दिसतेच.

खरी अडचण तारणाची. या कुटुंबाकडे बेळगावजवळ वडिलोपार्जित शेती आहे. परंतु २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा बँकेचा अधिकार शेतजमिनीला लागू होत नाही. त्यामुळे अशा कर्जासाठी शेती सहसा स्वीकारली जात नाही.

शहराच्या कडेला ४५ लाखांचा एक भूखंडही आहे. आकडा पुरेसा वाटतो. पण त्याची नोंद ‘बी’ खात्यात आहे. महाराष्ट्रात शहरी मिळकतपत्रिका पाहिली जाते, तसा बेंगळुरूत मालमत्ता कराच्या नोंदीचा ‘खाता’ पाहिला जातो. रीतसर परवानगीच्या मिळकती ‘ए’ नोंदवहीत असतात. अकृषिक परवानगीविना पाडलेले भूखंड किंवा मंजूर नकाशा डावलून बांधलेल्या इमारती ‘बी’ नोंदवहीत. ‘बी’वरही कर घेतला जातो, म्हणून कराची पावती पाहून मालक निर्धास्त असतो, प्रत्यक्षात कर भरल्याने मिळकत नियमित होत नाही. सार्वजनिक क्षेत्रातील बँका अशा मिळकती बहुधा नाकारतात. ‘बी’चे ‘ए’ मध्ये रूपांतर करण्याची योजना राज्य शासनाने २०२५ मध्ये जाहीर केली. तथापि प्रवेशाची मुदत त्यासाठी थांबत नाही. खात्याच्या उताऱ्यावर नोंदवहीचा प्रकार नमूद असतो, तो अर्जापूर्वीच पाहावा.

उरतो राहता फ्लॅट. त्याचे मूल्य ८० लाख, खाता ‘ए’, गृहकर्ज १२ लाख शिल्लक. तो आधीच गहाण असल्याने दुसऱ्या बँकेला पहिल्या बँकेची संमती लागेल. म्हणून गृहकर्ज देणाऱ्या बँकेतच अर्ज करणे सोयीचे. तेथे त्याच गहाणाचा विस्तार होऊ शकतो. दोन्ही कर्जांचे मिळून ४६ लाख होतात आणि फ्लॅटचे मूल्य त्याहून बरेच जास्त आहे. मात्र हे मूल्य बँकेच्या नामिकेवरील मूल्यांकक ठरवतो, शेजारच्या विक्रीचा भाव नव्हे. फ्लॅट आईवडिलांच्या संयुक्त नावावर असल्यास दोघांच्याही सह्या लागतात. बँकेचा वकील मालकीची साखळी आणि बोज्याचा दाखला तपासतो. एखादे जुने, फेडलेले कर्ज दाखल्यातून कमी झाले नसेल, तर काम तेथेच अडते. या तपासणीला काही आठवडे जाऊ शकतात. म्हणून प्रवेशपत्राची वाट न पाहता मिळकतीची कागदपत्रे आधीच गोळा केलेली बरी.