छेदात कोण बसतं?

एका तालुक्यात क्षयरोगाची शोधमोहीम झाली. १,००० प्रौढांच्या छातीचा एक्स-रे काढला आणि एक्स-रेमध्ये काहीही दिसो, सगळ्यांची थुंकी कल्चरला पाठवली. कल्चरमध्ये ५० जणांना क्षयरोग असल्याचं निघालं. एक्स-रे संशयास्पद असलेले १४० जण होते, त्यांतल्या ४५ जणांच्या थुंकीत जंतू सापडले. तर एक्स-रेची सेन्सिटिव्हिटी, स्पेसिफिसिटी आणि दोन्ही प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू काढा.

एमबीबीएसच्या कम्युनिटी मेडिसिनच्या पेपरात, म्हणजे मुलं ज्याला अजूनही पीएसएम म्हणतात त्या विषयात, या धाटणीचा प्रश्न नेहमीच येतो. इथले आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत. गणित चौथी-पाचवीतल्या मुलालाही जमेल असं आहे, तरी त्यात हुशार मुलं चुकतात. सूत्रं त्यांना पाठ असतात. चुकतो तो छेद. ४५ ला ५० ने भागायचं की १४० ने, एवढ्याच जागी गाडी अडते. आणि या दोन भागाकारांतला फरक ज्याला कळला, त्याला वैद्यकीय तपासणीचा कुठलाही रिपोर्ट अधिक शहाणपणाने वाचता येतो. म्हणून हा विषय डॉक्टर होऊ घातलेल्यांपुरता ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

आधी चौकट आखू. प्रश्न कितीही ओळखीचा वाटला तरी आखायचीच. पाठ्यपुस्तकांतल्या रिवाजाप्रमाणे वर, म्हणजे उभ्या रकान्यांत, खरी स्थिती लिहायची: आजार आहे, आजार नाही. ही खरी स्थिती ज्या तपासणीने ठरते तिला गोल्ड स्टँडर्ड म्हणतात. आपल्या प्रश्नात ते कल्चर आहे. घट्ट माध्यमावर क्षयाचे जंतू वाढायला कित्येक आठवडे लागतात, आठ आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते, म्हणून तर आधी एक्स-रेसारखी झटपट चाचणी लावायची. त्या चाचणीचा निकाल डावीकडे, आडव्या ओळींत. आता प्रश्नातले चार आकडे आपापल्या घरात ठेवले की बाकीची घरं वजाबाकीने भरतात.

| | कल्चर: क्षयरोग आहे | कल्चर: क्षयरोग नाही | एकूण |
|---|---|---|---|
| एक्स-रे संशयास्पद | ४५ | ९५ | १४० |
| एक्स-रे नॉर्मल | ५ | ८५५ | ८६० |
| एकूण | ५० | ९५० | १,००० |

४५ जण खरोखर आजारी आणि चाचणीनेही पकडलेले. ९५ जण निरोगी, पण एक्स-रेने त्यांच्यावर उगाच संशय घेतला. हे फॉल्स पॉझिटिव्ह. ५ जण आजारी असून निसटले. हे फॉल्स निगेटिव्ह, आणि मोहिमेत सगळ्यात जास्त काळजी यांची, कारण हे निर्धास्त मनाने घरी जातात आणि घरात खोकत राहतात. उरलेले ८५५ निरोगी आणि चाचणीतही निर्दोष.

सेन्सिटिव्हिटी विचारते: जे खरोखर आजारी आहेत त्यांच्यातले किती चाचणीने पकडले? वाक्याची सुरुवात ‘आजारी आहेत त्यांच्यातले’ अशी आहे, म्हणून छेदात आजारी बसतात. ४५ भागिले ५०, म्हणजे ९० टक्के. स्पेसिफिसिटी विचारते: जे निरोगी आहेत त्यांच्यातल्या किती जणांना चाचणीने निरोगी म्हटलं? ८५५ भागिले ९५०, हेही ९० टक्के. या दोन्ही वेळी आपण उभ्या रकान्यातून खाली उतरलो. आडव्या ओळीकडे पाहिलंही नाही.

प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यूचा प्रश्न उलट्या टोकाने येतो. तो रुग्णाचा प्रश्न आहे. हातात रिपोर्ट आहे, त्यावर ‘संशयास्पद’ लिहिलंय. मला खरंच क्षयरोग असण्याची शक्यता किती? वाक्य सुरू होतं ‘ज्यांचा एक्स-रे संशयास्पद आला त्यांच्यातले’ असं, म्हणून छेदात आडव्या ओळीची बेरीज, १४०. पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू म्हणजे ४५ भागिले १४०, साधारण ३२ टक्के. निगेटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू ८५५ भागिले ८६०, म्हणजे ९९.४ टक्के.

इथे थांबायला हवं. जी चाचणी आजाऱ्यांमधले ९० टक्के पकडते आणि निरोग्यांमधल्या ९० टक्क्यांना बरोबर सोडते, तिने बोट दाखवलेल्या तिघांतला जेमतेम एक जण खरा आजारी आहे. प्रश्नात हे आकडे दिसले की मुलं आपलंच गणित चुकलं समजून उत्तर खोडतात. गणित बरोबर असतं. निरोगी माणसं ९५० आहेत, त्यांच्यातले दहा टक्के चुकले तरी ९५ होतात. आजारी मुळात ५०च, ते सगळे सापडले असते तरी ५०च. चाचणी तीच, चूक करण्याचं प्रमाण तेच. फक्त चुका करायला एका बाजूला खूप जास्त माणसं मिळाली.

याचा पडताळा घ्यायचा तर तोच एक्स-रे दोन वेगळ्या ठिकाणी नेऊन पाहावा. समजा छातीच्या आजारांच्या दवाखान्यात आठवड्यांपासून खोकणारे, वजन उतरलेले १,००० रुग्ण आले आणि त्यांतल्या ४०० जणांना क्षयरोग आहे. ४०० चे ९० टक्के म्हणजे ३६० पकडले जातील. ६०० निरोग्यांमधले दहा टक्के, ६० जण, उगाच अडकतील. पॉझिटिव्ह ठरलेले ४२०, त्यांतले ३६० खरे: प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू जवळपास ८६ टक्के. आता उलटं टोक घ्या. १०,००० माणसांची वस्ती, आजारी फक्त ५०. पकडले जाणारे पुन्हा ४५च, पण ९,९५० निरोग्यांमधून ९९५ जण संशयात येतील. १,०४० रिपोर्टांत ४५ खरे, म्हणजे ४.३ टक्के. ८६, ३२ आणि ४.३, तिन्ही उत्तरं एकाच मशीनची आहेत. बदललं ते आजाराचं त्या लोकांमधलं प्रमाण, ज्याला प्रिव्हॅलन्स म्हणतात. परीक्षेत ‘प्रिव्हॅलन्स वाढला तर काय होईल’ हा एका ओळीचा प्रश्न येतो, त्याचं उत्तर इथून निघतं: पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू वाढते, निगेटिव्ह कमी होते. दवाखान्यातल्या आकड्यांत ते दिसतं. तिथे निगेटिव्ह ५४० भागिले ५८०, म्हणजे ९३ टक्क्यांवर उतरली आहे. सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी मात्र हलत नाहीत, कारण त्या एकेका रकान्याच्या आत मोजल्या जातात आणि एका रकान्यातली गर्दी वाढल्याने दुसऱ्याला काही होत नाही.

पेपरात एवढं लिहिलं तर पूर्ण गुण मिळतील. पण प्रत्यक्षात त्याही थोड्या हलतात, हे जाणकाराने सांगायला हवं. दवाखान्यात पोचलेल्या रुग्णाचा आजार बहुतेकदा पुढे गेलेला असतो, फुप्फुसावरचा डाग ठळक असतो. मोहिमेत सापडणारा आजार कोवळा असतो. त्यामुळे दवाखान्यात मोजलेली सेन्सिटिव्हिटी गावात तशीच्या तशी मिळेल असं धरून चालू नये. सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी या कल्पना आरोग्यक्षेत्रात रुजवणारे जेकब येरुशाल्मी यांनी १९४७ साली जो लेख लिहिला, त्याचा विषयही निदानाच्या पद्धती कशा पारखाव्यात हाच होता आणि त्यात विशेष भर एक्स-रेवर होता. आपल्या उदाहरणाचं मूळ असं फार जुनं आहे.

मग ३२ टक्के भरवशाच्या रिपोर्टवर औषधं सुरू करायची का? नाही. संशयित १४० जणांनाच दुसरी, जास्त काटेकोर चाचणी लावायची. क्षयरोगात थुंकीची सीबीनॅटसारखी तपासणी हे काम करते. उदाहरणापुरती तिची सेन्सिटिव्हिटी ८० आणि स्पेसिफिसिटी ९८ टक्के धरू. ४५ आजाऱ्यांतले ३६ पुन्हा पॉझिटिव्ह येतील, ९५ निरोग्यांतले साधारण २. आता ३८ पैकी ३६ खरे, म्हणजे भरवसा ९५ टक्क्यांच्या आसपास. पण किंमतही मोजली: मूळ ५० आजाऱ्यांपैकी ३६च हाती लागले, दोन्ही चाचण्यांची मिळून सेन्सिटिव्हिटी ७२ टक्के. एकापाठोपाठ चाचण्या लावल्या की स्पेसिफिसिटी वाढते आणि सेन्सिटिव्हिटी घटते, असं पुस्तकात म्हणतात ते हेच. इथे छेद ५०च ठेवायचा; बरीच मुलं दुसऱ्या टप्प्यात ४५ ने भागून ८० टक्के लिहितात, आणि पहिल्याच गाळणीत निसटलेले ते पाच जण हिशेबातून कायमचे गळतात.

चौकट भरली म्हणजे तिच्यातून चारही उत्तरं निघतातच असं मात्र नाही. एखाद्या प्रश्नात संशोधक १०० खात्रीचे क्षयरोगी आणि १०० खात्रीचे निरोगी निवडून एक्स-रे काढतात. ९० आजारी पकडले, १० निरोगी उगाच अडकले. सेन्सिटिव्हिटी, स्पेसिफिसिटी दोन्ही ९० टक्के, हे ठीक. मग हात आपोआप आडव्या ओळीकडे जातो: ९० भागिले १००, पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू ९० टक्के. हा आकडा निरर्थक आहे. आजारी आणि निरोगी यांचं निम्मं-निम्मं प्रमाण संशोधकाने स्वतः ठरवलं, कुठल्याही गावात ते तसं नसतं. प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू काढायची तर चौकटीतली माणसं एखाद्या खऱ्या समूहातून जशीच्या तशी आलेली असावी लागतात, नाहीतर त्या समूहाचा प्रिव्हॅलन्स वेगळा दिलेला असावा लागतो. तो दिला असेल तर वरच्यासारखी १,००० किंवा १०,००० माणसं मनाने धरायची, आधी उभे रकाने भरायचे आणि मग आडवं वाचायचं.

याच्या उलटी अडचण मोहिमांमध्ये येते. खर्च वाचावा म्हणून फक्त एक्स-रे संशयास्पद असलेल्यांचीच थुंकी तपासली जाते. मग वरची ओळ पक्की मिळते, १४० पैकी ४५, पण खालच्या ओळीतल्या ८६० जणांत किती आजारी निसटले ते कुणी पाहिलेलंच नसतं. अशा प्रश्नात पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू बिनधास्त काढावी आणि सेन्सिटिव्हिटीपुढे स्वच्छ शब्दांत लिहावं: दिलेल्या माहितीवरून काढता येत नाही, कारण एक्स-रे नॉर्मल आलेल्यांचं कल्चर झालेलं नाही.