नफा एक, आकडे दोन
हिशेब धंद्याचा : भाग ७

गेल्या आठवड्यात यंत्राची किंमत वहीत कशी चढते ते पाहिले. आता ती खर्चात कशी उतरते ते पाहू.

उदाहरणाला दोघा भागीदारांचा छापखाना घेऊ. त्यांनी एप्रिलमध्ये कागद कापण्याचे ४ लाख रुपयांचे यंत्र घेऊन लगेच कामाला लावले. घसारा वजा करण्यापूर्वी वर्षाचा नफा ५ लाख रुपये आहे.

आपल्या वह्यांसाठी त्यांनी सरळ रेषा पद्धत निवडली. यंत्र दहा वर्षे चालेल आणि शेवटी भंगाराचे काही येणार नाही, असे धरले. म्हणजे दरवर्षी ४०,००० रुपये घसारा आणि वहीतला नफा ४,६०,००० रुपये.

प्राप्तिकराला मात्र ही निवड चालत नाही. वीजनिर्मितीसारखे अपवाद सोडले, तर तिथे घटत्या शिलकीची पद्धतच लागते. साध्या यंत्रांचा दर १५ टक्के आहे आणि तो दरवर्षी उरलेल्या किमतीवर लावतात. त्यामुळे पहिल्या वर्षी घसारा ६०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ५१,००० आणि तिसऱ्या वर्षी ४३,३५०. पहिल्या वर्षीचा करपात्र नफा ४,४०,००० रुपये होतो, वहीतल्यापेक्षा २०,००० नी कमी. भागीदारी संस्थेला उपकरासह ३१.२ टक्के कर पडतो, म्हणजे त्या वर्षी ६,२४० रुपये कमी भरावे लागतात.

पण ही सूट कायमची नाही. चौथ्या वर्षी कराचा घसारा सुमारे ३६,८५० रुपयांवर येतो आणि वहीतला ४०,००० वरच राहतो. तिथून करपात्र नफा वहीतल्या नफ्याच्या वर जातो. आधी वाचलेला कर पुढे भरावा लागतो. मधल्या काळात तो पैसा कागदाच्या खरेदीला वापरता येतो, एवढाच खरा फायदा.

चूक होते ती विवरणपत्र भरताना. वहीतल्या ४,६०,००० मधूनच ६०,००० वजा केले, तर एकाच यंत्राचा घसारा दोनदा सुटतो आणि करपात्र नफा ४ लाखच दिसतो. आधी वहीतले ४०,००० परत मिळवायचे, मग ६०,००० वजा करायचे. पडताळा सोपा आहे : घसाऱ्यापूर्वीच्या ५ लाखांतून फक्त कराचा घसारा वजा केला, की तेच उत्तर आले पाहिजे.

खरेदीची वेळही पाहावी. यंत्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले, तर पहिल्या वर्षी दर निम्मा होतो. हेच यंत्र दिवाळीनंतर नोव्हेंबरमध्ये कामाला लागले असते, तर घसारा ३०,००० रुपयेच मिळाला असता आणि करपात्र नफा ४,७०,००० झाला असता. राहिलेला घसारा बुडत नाही. तो शिलकीत राहतो आणि दुसऱ्या वर्षी ३,७०,००० रुपयांवर १५ टक्के मिळतात.

दहा वर्षांनी वहीत यंत्र शून्य होते, कराच्या हिशेबात मात्र सुमारे ७८,७५० रुपये उरतात. त्या वेळी यंत्र विकले, तर या शिलकीचे काय होते, ते पुढच्या भागात.