थट्टामस्करीची हद्द

ऑफिसातली थट्टामस्करी चारचौघांत होते आणि घरी सांगताना अडखळायला होत नाही, तोवर ती निरुपद्रवीच असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शर्ली ग्लास यांनी २००३ च्या पुस्तकात भावनिक प्रतारणेच्या तीन खुणा सांगितल्या: मनाची जवळीक, लपवाछपवी आणि शारीरिक ओढ. यातली लपवाछपवी ओळखायला सर्वांत सोपी. रात्री आलेला मेसेज वाचून लगेच पुसला जातो, नवऱ्याशी झालेलं भांडण आधी त्या मित्राला कळतं. तिथे हद्द ओलांडलेली असते. मर्यादा ठरवताना नुसतं ‘विश्वास ठेव’ म्हणून भागत नाही. रात्रीचं चॅटिंग, दोघांनीच जेवायला जाणं, घरातली भांडणं बाहेर सांगणं, यांवर जोडप्याने एकेक करून बोलावं लागतं. फोन तपासण्याची अट मात्र घालू नये. तिने लपवणारा अधिकच सावध होतो.