दहावा घात, एक अंक

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर एक सूचना असते : लॉग टेबल वापरता येईल, कॅल्क्युलेटर वापरता येणार नाही. मग विद्यार्थी टेबल उघडतात आणि २ च्या लॉगसाठी ०.३०१० हा आकडा उतरवून घेतात. हा आकडा कोणी तरी, कधी तरी हाताने काढलेला आहे. तो काढायचे अनेक मार्ग आहेत. त्यातल्या एकाला गुणाकारापलीकडे काहीच लागत नाही. कॅल्क्युलस नको, वर्गमूळ नको, अनंत श्रेणीही नको. चिकाटी मात्र हवी.

आधी प्रश्न नीट मांडू. २ चा लॉग म्हणजे १० चा कितवा घात घेतला की २ मिळतात, ती संख्या. १० चा शून्यावा घात १ आणि पहिला घात १०, म्हणून उत्तर शून्य आणि एक यांच्यामध्ये कुठे तरी आहे. ते ०.कखग… असे आहे असे धरू. क, ख, ग हे आपल्याला हवे असलेले अंक.

आता २ चा दहावा घात घ्या. संख्येचा दहावा घात घेतला की तिचा लॉग दहापट होतो, म्हणजे दशांशचिन्ह एक घर उजवीकडे सरकते. ०.कखग… चे क.खग… झाले. पहिला अंक चिन्हाच्या डावीकडे आला आणि तिथे तो सहज वाचता येतो, कारण लॉगचा पूर्णांकी भाग म्हणजे संख्येतल्या अंकांच्या संख्येपेक्षा एक कमी. २ चा दहावा घात १०२४. त्यात चार अंक आहेत, म्हणजे क = ३. पहिला अंक मिळाला.

पुढचा अंक काढण्याआधी हा ३ बाजूला काढायला हवा. लॉगमधून ३ वजा करणे म्हणजे संख्येला १००० ने भागणे. उरतात १.०२४. हिचा लॉग ०.खग… आहे, म्हणजे आपण पुन्हा सुरुवातीच्याच जागी आलो, फक्त एक अंक वहीत जमा झाला. याच दोन पायऱ्या पुन्हा पुन्हा करायच्या : दहावा घात घ्या, जितक्यांदा १० ने भागून संख्या १ आणि १० यांच्यामध्ये येते तितका अंक लिहा, उरलेली संख्या पुढे न्या.

दहावा घात म्हणजे नऊ गुणाकार, असे वाटेल. तसे करायची गरज नाही. संख्येचा वर्ग करा, त्याचा वर्ग केला की चौथा घात मिळतो, त्याचाही वर्ग केला की आठवा. आठव्या घाताला सुरुवातीच्या वर्गाने गुणले की दहावा घात तयार. चार गुणाकारांत काम होते. १.०२४ वर हे करून पाहू :

वर्ग : १.०४८५७६
चौथा घात : १.०९९५११६३
आठवा घात : १.२०८९२५८२
आठवा × वर्ग : १.२६७६५०६०

ही संख्या १० च्या आतच आहे, भागायची गरज पडली नाही, म्हणून दुसरा अंक ०. आता १.२६७६५०६० पुढे न्यायची. तिचा वर्ग १.६०६९३८०४, चौथा घात २.५८२२४९८८, आठवा ६.६६८०१४४३ आणि दहावा १०.७१५०८६. एकदा १० ने भागावे लागले, म्हणून तिसरा अंक १, उरले १.०७१५०८६१. हिचा दहावा घात १.९९५०६३१२ येतो, म्हणजे चौथा अंक ०. पाचव्या फेरीत १.९९५०६३१२ चा दहावा घात ९९९.००२ होतो. दोनदा भागा : अंक २, उरले ९.९९००२. सहाव्या फेरीत दहावा घात ९,९०,०६,५६,००० च्या आसपास जातो, म्हणजे दहा अंकी संख्या, आणि अंक मिळतो ९.

वहीत आता ०.३०१०२९ आहे आणि सातव्या फेरीलाही ९ च मिळतो. खरी किंमत ०.३०१०२९९९५६… आहे. पाच स्थळांपर्यंत पूर्णांकित केली की ती ०.३०१०३ होते, चार स्थळांपर्यंत ०.३०१०.

यातली गंमत अशी की आपण प्रत्यक्षात २ चे फार मोठे घात मोजत होतो. दुसऱ्या फेरीअखेर २ चा १००वा घात झाला, तिसऱ्यीअखेर १०००वा. आतापर्यंतचे अंक ३०१ हे सांगतात की २ च्या १०००व्या घातात ३०२ अंक आहेत. सहाव्या फेरीनंतर कळले की २ च्या दहा लाखाव्या घातात ३,०१,०३० अंक असतात. ती सगळी संख्या लिहायला एक पुस्तक लागेल, पण तिची लांबी कळायला सुरुवातीचे आठ-नऊ अंक पुरले. अंक मोजून लॉग काढण्याची ही कल्पना जुनी आहे. लॉगॅरिदमचा जनक, स्कॉटलंडचा जॉन नेपियर १६१७ मध्ये वारला. त्यानंतर १६१९ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकाच्या परिशिष्टात ती येते.

आठ-नऊ अंक पुरले खरे, पण तेवढे का लागले? याच ठिकाणी माणूस फसतो. समजा कोणी आळस केला आणि प्रत्येक गुणाकारानंतर फक्त तीन दशांश स्थळे ठेवली. १.०२४ पासून त्याला १.२६९ मिळेल, मग १.०८२, मग २.२०१. अंक अजून बरोबरच आहेत : ३, ०, १, ०. पण खरी संख्या १.९९५ असायला हवी होती. पुढच्या फेरीत त्याला ९९९ ऐवजी २६६७ मिळतात आणि तो अंक २ ऐवजी ३ लिहितो. त्यापुढचा अंक ४. त्याचे उत्तर ०.३०१०३४, खरे ०.३०१०३०. सहा स्थळांचे उत्तर म्हणून ते चूक आहे आणि वहीत कुठेही गुणाकार चुकलेला दिसत नाही.

कारण असे की दहावा घात जसा लॉगला दहापट करतो, तसाच संख्येतल्या सापेक्ष चुकीलाही. हजारात एक इतकी चूक पुढच्या फेरीत शंभरात एक होते. प्रत्येक अंक मिळवताना हातातल्या अचूकतेचा एक अंक खर्च होतो. म्हणून सहा स्थळे हवी असतील तर आठ-नऊ अंक घेऊन सुरुवात करावी. वरच्या हिशेबातही हे दिसते. पाचव्या फेरीत मी १.९९५०६३१२ घेतले, पण खरे १.९९५०६३११६९ आहे. नवव्या अंकानंतरचा हा फरक दहावा घात होताच आठव्या अंकापर्यंत पोचला आणि ९.९९००२०९३ ऐवजी ९.९९००२१०९ आले. अंक वाचायला त्याने बिघडले नाही, कारण तेवढी गंगाजळी शिल्लक होती.

संख्या ९.९९ सारखी १० च्या अगदी जवळ आली की धोका अधिक. थोडीशी चूक तिला १० च्या पलीकडे ढकलू शकते आणि मग अंक बदलतो. त्यावर उपाय म्हणजे हिशेब दोनदा करायचा. एकदा प्रत्येक गुणाकार खाली छाटायचा, एकदा वर चढवायचा. खरी संख्या नेहमी या दोघांच्या मध्ये असते. दोन्ही हिशेबांचे अंक जुळतात तोवर ते खात्रीचे. जिथे वेगळे पडतात तिथे थांबायचे आणि जास्त अंक घेऊन पुन्हा सुरू करायचे.

२ च्या बाबतीत याहून देखणी पडताळणी आहे. २ आणि ५ यांचा गुणाकार १०, म्हणून दोघांच्या लॉगची बेरीज १. ५ वर हीच कृती वेगळी चालवा. ५ चा दहावा घात ९७६५६२५, अंक ६, उरले ९.७६५६२५. हिला आपल्या १.०२४ ने गुणा, बरोबर १० येतात. पुढच्या फेरीत ५ कडून ७.८८८६०९०५ उरतात, त्यांना १.२६७६५०६० ने गुणले की पुन्हा १०, शेवटच्या अंकाच्या फरकाने. प्रत्येक फेरीत असेच व्हायला हवे आणि दोघांच्या अंकांची बेरीज ९ यायला हवी : ३ आणि ६, ० आणि ९, १ आणि ८, ० आणि ९, २ आणि ७, ९ आणि ०. गुणाकार १० पासून सरकला की कोणत्या फेरीत घोटाळा झाला ते लगेच कळते.

दहाव्या घाताची खटपट नको असेल तर नुसते वर्ग करतही उत्तर काढता येते. वर्ग केला की लॉग दुप्पट होतो. वर्ग १० च्या आत राहिला तर ० लिहायचा, १० किंवा जास्त झाला तर १० ने भागून १ लिहायचा. २ वरून ४ (०), १६ (१, उरले १.६), २.५६ (०), ६.५५३६ (०), ४२.९४९ (१) असे जाता येते. हे अंक मात्र अर्धा, पाव, अष्टमांश अशा वाट्यांचे असतात. पाव आणि बत्तीसावा भाग मिळून ०.२८१२५ झाले, आणखी तीन वर्गांनंतर ०.३००७८. संगणकाला ही द्विमान पद्धत सोयीची. सहा दशांश स्थळांसाठी साधारण वीस वर्ग लागतात, आणि शेवटी ते वाटे जोडून दशांशात आणावे लागतात. दहाव्या घाताच्या पद्धतीत गुणाकार थोडे जास्त, पण दशांश अंक थेट हातात येतो.

मग लॉगचे तक्ते असेच बनवले का? नाही. ऑक्सफर्डच्या हेन्री ब्रिग्जने १६२४ मध्ये चौदा स्थळांचे तक्ते छापले. त्याने उलटी वाट धरली होती : १० चे वर्गमूळ, त्याचे वर्गमूळ, असे ५४ वेळा. वर्गमूळ काढणे कष्टाचे, पण ते सापेक्ष चूक अर्धी करते, वर्ग ती दुप्पट करतो. चौदा अंक आपल्या पद्धतीने काढायचे तर ५६ गुणाकार, तेही सोळा-सतरा अंकी संख्यांचे, आणि एवढे करून एकाच संख्येचा लॉग मिळणार.

सुदैवाने प्रत्येक संख्येसाठी हे करावे लागत नाही. गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगची बेरीज, म्हणून मूळ संख्या तेवढ्या हाताने काढायच्या. २ आणि ३ मिळाले की ६, १२, १८, २४ फुकट. ७ मात्र वेगळा काढावा लागतो. सुरुवात करून देतो : ७ चा दहावा घात २८,२४,७५,२४९, नऊ अंकी, म्हणून पहिला अंक ८ आणि पुढे न्यायची संख्या २.८२४७५२४९. उत्तराचा अंदाजही आधीच बांधता येतो. ७ चा वर्ग ४९, म्हणजे ५० हून जरासा कमी, आणि ५० चा लॉग १.६९८९७. तेव्हा ७ चा लॉग त्याच्या अर्ध्याहून, ०.८४९४८ हून, थोडा खाली यायला हवा. दुसरा अंक ४ आला नाही, तर दुसरी फेरी पुन्हा तपासा.